शेअरबाजारातील ‘सुवर्ण’ गुणोत्तरांचा आभास

शेअरबाजाराच्या आलेखावर रेघा ओढून उद्याचा भाव सांगण्याचा उद्योग शंभर वर्षांहून जुना आहे. या उद्योगाची एक शाखा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत विशेष भरभराटीस आली. ‘हार्मोनिक पॅटर्न’ या नावाने ती ओळखली जाते. भावांचे चढउतार ठराविक गुणोत्तरांनी बांधलेले असतात, ही गुणोत्तरे निसर्गातल्या एका सनातन संख्याक्रमातून येतात आणि ती जुळून आली की भाव कोठे वळणार हे आधीच कळते, असे या पंथाचे म्हणणे आहे. आलेखावर काढून दाखवलेल्या आकृत्या पाहिल्या तर हे म्हणणे खरे वाटू लागते. भाव नेमक्या त्या बिंदूपाशी वळलेला दिसतो. नोकरदार मनुष्य हरखून जातो आणि महिन्याच्या शिलकीतले काही हजार घेऊन बाजारात उतरतो.

अशा उतरणाऱ्यांचे पुढे काय होते, याचा एक हिशेब उपलब्ध आहे. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअरांच्या वायदे व विकल्प व्यवहारांत भाग घेणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला. हे सर्व जण गुणोत्तरांच्या नादी लागले होते असे अर्थातच म्हणता येणार नाही. परंतु ज्या आत्मविश्वासाच्या बळावर माणसे या व्यवहारांत शिरतात, तो आत्मविश्वास पुरवणाऱ्या साधनांची चिकित्सा करणे अगत्याचे आहे, हे या आकड्यावरून ध्यानात यावे.

संख्याक्रमाचा पूर्वेतिहास

प्रथम त्या संख्यांविषयी. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५ या क्रमात प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते. पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजेच फिबोनाचीने, १२०२ सालच्या आपल्या ग्रंथात हा क्रम सशांच्या पैदाशीच्या उदाहरणातून मांडला, म्हणून त्याला फिबोनाचीचे नाव मिळाले. वस्तुतः लघु-गुरूंच्या मांडणीतून ठराविक मात्रांची वृत्ते किती प्रकारे होतात हे मोजताना आपल्याकडील छंदशास्त्रज्ञ त्याच क्रमापर्यंत आधीच पोचले होते. बाराव्या शतकातील हेमचंद्राने तो स्पष्ट दिलेला आहे. या क्रमातील संख्येला तिच्या पुढच्या संख्येने भागले की उत्तर ०.६१८ च्या जवळ जाते आणि एक सोडून पुढच्या संख्येने भागले की ०.३८२ च्या जवळ जाते. येथवर सर्व निर्मळ गणित आहे.

हार्मोनिक पंथाच्या यादीत मात्र एवढ्या दोनच संख्या नाहीत. ०.६१८ चे वर्गमूळ म्हणून ०.७८६ तिच्यात आले. त्या वर्गमूळाचेही वर्गमूळ म्हणून ०.८८६ आले. २१ ला तीन घरे पुढच्या ८९ ने भागून ०.२३६ आले. ०.५ हा साधा निम्मा भाग, पण तोही सोयीचा म्हणून राहिला, आणि त्याचे वर्गमूळ ०.७०७ त्याच्या बोटाला धरून आत शिरले. एकाहून मोठ्या संख्यांचे असेच दुसरे कुटुंब आहे. त्यात १.१३, १.२७, १.६१८, २.२४, २.६१८ आणि ३.६१८ मोडतात. वर्गमूळ घेण्याची मुभा एकदा दिली की यादी कोठे थांबवावयाची हे गणित सांगत नाही. ते यादी करणाराच ठरवतो.

या आकृत्यांचा मूळपुरुष म्हणून एच. एम. गार्टली यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या १९३५ सालच्या ग्रंथातील २२२ व्या पृष्ठावर ही आकृती असल्याने तिला ‘गार्टली २२२’ असेही म्हणतात. परंतु आज तिच्याशी जोडलेली फिबोनाची गुणोत्तरे गार्टली यांनी दिलेली नव्हती. ती १९९० च्या दशकात लॅरी पेसाव्हेंटो, स्कॉट कार्नी प्रभृतींनी जोडली आणि काटेकोर केली. पुढे बॅट, क्रॅब, शार्क अशी नवनवी नावे त्यांत पडत गेली. म्हणजे ‘सनातन’ म्हणून सांगितले जाणारे हे नियम वयाने एका पिढीचेही नाहीत.

आकृती कशी बांधतात

आकृतीत पाच बिंदू असतात. त्यांना क्ष, अ, ब, क, ड म्हणू. एखाद्या शेअरचा भाव क्ष या ठिकाणी १०० रुपये होता आणि तो अ पर्यंत, म्हणजे २०० रुपयांपर्यंत चढला असे समजा. चढ शंभर रुपयांचा झाला. त्यानंतर भाव ब पर्यंत उतरतो, क पर्यंत पुन्हा चढतो आणि ड पर्यंत पुन्हा उतरतो. इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी आकृती तयार होते. गार्टली आकृतीचा नियम असा की ब पर्यंतचा उतार मूळ चढाच्या ०.६१८ असावा. म्हणजे ब १३८.२० रुपयांवर येतो. क ने या उताराचा ०.३८२ ते ०.८८६ इतका भाग भरून काढावा. तो ०.६१८ धरला तर क १७६.४० वर येतो. शेवटी ड हा मूळ चढाच्या ०.७८६ इतका खाली, म्हणजे १२१.४० वर यावा. तेथे भाव वळेल, म्हणून तेथे खरेदी करावी आणि तो १०० च्या खाली गेल्यास तोटा सोसून बाहेर पडावे, असा उपदेश असतो.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. क च्या बाबतीत नियम एक संख्या देत नाही, पट्टा देतो. शेवटच्या उताराबद्दलही असेच आहे. तो ब ते क या चढाच्या १.२७ ते १.६१८ पट असावा असे सांगितले जाते. आपल्या उदाहरणात हा चढ ३८.२० रुपयांचा असल्याने ड १२७.९० पासून ११४.६० पर्यंत कोठेही चालतो. तेरा रुपयांच्या या पट्ट्याला ‘संभाव्य वळणक्षेत्र’ असे भारदस्त नाव आहे. भाव वळून गेल्यावर त्या क्षेत्रातील कोणत्या रेघेने त्याला अडवले हे सांगणे सोपे असते, कारण रेघा अनेक असतात आणि वळणबिंदू कोणत्या तरी एकीच्या जवळ असतोच.

बरे, भाव १२१.४० ला न थांबता खाली घसरला तर? १११.४० च्या आसपास वळल्यास ०.८८६ चे गुणोत्तर हाताशी आहे. त्या आकृतीला ‘बॅट’ म्हणजे वटवाघूळ म्हणतात. ७३ ला वळल्यास १.२७ चे ‘बटरफ्लाय’, म्हणजे फुलपाखरू. ३८.२० ला वळल्यास १.६१८ चा ‘क्रॅब’, म्हणजे खेकडा. या निरनिराळ्या आकृत्यांत ब चे स्थान वेगवेगळे असावे लागते हे खरे. पण ब ०.६१८ ऐवजी ०.५६ वर आलेला असेल, तर तो दोन आकृत्यांच्या सीमेवर उभा असतो आणि थोडी सूट दिली की दोहोंपैकी कोणत्याही घरात जाऊ शकतो. भाव कोठे वळला हे कळल्यावर आकृतीचे नाव ठरते आणि नाव ठरल्यावर ‘भाव नियमाप्रमाणे वळला’ असे म्हटले जाते. हे बारसे आधी आणि पत्रिका नंतर करून पत्रिका खरी ठरली म्हणण्यासारखे आहे.

सुटीचे गणित

सूट हा या सर्व प्रकरणाचा गाभा आहे. बाजारातला उतार तंतोतंत ०.६१८ कधीच येत नाही, म्हणून थोडे इकडेतिकडे चालवून घ्यावे लागते. ही सूट दोन्ही बाजूंस तीन शतांश धरू. म्हणजे ०.५८८ ते ०.६४८ मधले काहीही ०.६१८ समजावयाचे. आता ०.२० पासून १.०० पर्यंतची एक पट्टी डोळ्यांपुढे आणावी आणि तिच्यावर ०.२३६, ०.३८२, ०.५, ०.६१८, ०.७०७, ०.७८६, ०.८८६ आणि १ या आठ संख्यांभोवती ही सूट रंगवावी. पट्टीच्या ऐंशी शतांश लांबीपैकी पंचेचाळीस शतांश रंगून जाते. म्हणजे डोळे मिटून पट्टीवर बोट ठेवले, तरी निम्म्याहून अधिक वेळा ते कोणत्या ना कोणत्या ‘पवित्र’ गुणोत्तरावर पडेल. सूट पाच शतांश केली तर पट्टीचा ८८ टक्के भाग रंगतो. मग गुणोत्तर न जुळणे हीच नवलाची गोष्ट ठरावी.

हे प्रत्यक्ष बाजारात कसे घडते हे पाहावयाचे असेल तर निफ्टीच्या एका ठळक उताराचे उदाहरण पुरेसे आहे. करोनाच्या धक्क्यात, २४ मार्च २०२० रोजी, निफ्टी ७,५११ पर्यंत खाली गेला. तेथून १९ ऑक्टोबर २०२१ रोजी तो १८,६०४ पर्यंत चढला आणि १७ जून २०२२ रोजी १५,१८३ पर्यंत उतरला. चढ ११,०९३ अंकांचा आणि उतार ३,४२१ अंकांचा. गुणोत्तर ०.३०८ येते. हे यादीतील कोणत्याही संख्येच्या तीन शतांशांच्या आत बसत नाही. ०.२३६ आणि ०.३८२ यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ते जाऊन पडते. सर्वांत स्वाभाविक आरंभबिंदू घेतला असता नियम हुकला, असा याचा प्रामाणिक अर्थ.

परंतु आलेख काढणारा येथे थांबत नाही. तो म्हणतो, खरी तेजी मार्च २०२० ला नव्हे, तर ऑक्टोबर २०२० च्या अखेरीस, ११,५३५ च्या तळापासून सुरू झाली. तेथून चढ ७,०६९ अंकांचा होतो आणि गुणोत्तर ०.४८ येते. झाले, निम्मा उतार जुळला. दुसरा म्हणतो, आरंभ जानेवारी २०२१ च्या अखेरच्या तळापासून, म्हणजे १३,५९७ पासून धरावा. मग गुणोत्तर ०.६८ येते आणि तीन शतांशांच्या सुटीत ०.७०७ ला चिकटते. तिसरा आरंभबिंदू हलवत नाही. तो आलेखाची मोजपट्टी बदलतो. अंकांतील फरकाऐवजी टक्केवारीतील फरक समान अंतराने दाखवणारी लॉगॅरिदमिक मोजपट्टी घेतली की मूळचाच उतार ०.२२४ होतो आणि ०.२३६ मध्ये बसतो. उतार एकच, बाजार एकच, पण तीन वेगवेगळ्या वाटांनी तीन वेगवेगळी गुणोत्तरे ‘सिद्ध’ झाली. यांपैकी एकही वाट जून २०२२ पूर्वी कोणी निवडून ठेवणे भाग नव्हते, आणि दोष आहे तो नेमका येथे.

आरंभबिंदू निवडण्याचे हे स्वातंत्र्य किती मोठे आहे याचा अंदाज मोजदादीने येतो. एखाद्या आलेखावर ओळीने वीस वळणबिंदू आहेत असे समजा. लागोपाठचे पाच बिंदू घ्यावयाचे ठरवले तर सोळाच संच मिळतात. पण मधली छोटी वळणे ‘किरकोळ’ म्हणून वगळण्याची मुभा घेतली आणि शिखर व तळ आलटून पालटून येतील एवढीच अट ठेवली, तर संचांची संख्या १,५८४ होते. त्यांपैकी बरेच संच आकाराने बेढब असतील हे मान्य केले, तरी उरलेल्यांतून एखादी सुबक आकृती सापडणे हे बाजाराचे रहस्य नसून निवडीचे फळ आहे. त्यात दिवसाचा, आठवड्याचा, तासाचा असे निरनिराळे आलेख आणि शेकडो कंपन्या मिळवल्या, की कावळा बसावा आणि फांदी मोडावी अशी एकच गाठ रोज कोठे ना कोठे पडणारच.

न दिसणारी अपयशे

याहून सूक्ष्म असा आणखी एक दोष आहे आणि खिशाला चटका बसतो तो त्याने. वळणबिंदू हा वळण झाल्यावरच वळणबिंदू ठरतो. भाव तळापासून पाच टक्के वर आल्याशिवाय तळ मानावयाचा नाही असा नियम असेल, तर आपल्या उदाहरणातील १२१.४० हा तळ होता हे भाव १२७.५० वर गेल्यावरच कळते. जुन्या आलेखावर मात्र खरेदीचा बाण थेट १२१.४० वर दाखवला जातो. अ ते ड या एकूण उताराच्या ०.३८२ इतकी भरपाई हे उद्दिष्ट धरले, तर विक्री सुमारे १५१.४० ला होईल. आलेखावर नफा ३० रुपये व धोका २१.४० रुपये दिसतो. प्रत्यक्षात वळणाची खात्री करून घेणाऱ्याला नफा सुमारे २४ रुपये आणि धोका २७.५० रुपये पडतो. पहिल्या हिशेबात शंभरांपैकी ४२ वेळा यश आले तरी भागते. दुसऱ्यात ५३-५४ वेळा यश आले तरच बरोबरी होते आणि दलाली व कर यांचा खर्च त्यावर वेगळा.

खात्रीची वाट न पाहता १२१.४० ला आधीच खरेदीचा आदेश नोंदवून ठेवता येतो, असे यावर उत्तर दिले जाते. ते रास्त आहे. पण मग ज्या ज्या वेळी भाव १२१.४० ला आला आणि न थांबता तसाच कोसळत गेला, त्या सर्व वेळाही हिशेबात धरावयास हव्यात. त्या धरल्या जात नाहीत, कारण तेथे वळण झालेच नाही, म्हणून ड बिंदू उमटला नाही, म्हणून आकृतीही तयार झाली नाही. अपयशाची नोंद होण्याआधीच ते आलेखावरून पुसले जाते आणि मागे केवळ यशांचे प्रदर्शन उरते.

यशाच्या टक्केवारीचे दावेही याच दृष्टीने तपासावेत. भाव केवळ नाणेफेकीने हलत आहे असे मानले, तरी १२१.४० ला घेऊन १०० ला तोटा आणि अवघ्या पाच रुपयांवर नफा असा करार स्वतःशी केला, तर शंभरांपैकी सुमारे ८१ वेळा नफाच होईल. उरलेल्या १९ वेळा मात्र प्रत्येकी २१.४० रुपये जातील आणि अखेरची बाकी शून्य राहील. म्हणून ‘ऐंशी टक्के अचूक’ या शब्दांना, नफा किती आणि तोटा किती हे सांगितल्यावाचून, काहीही अर्थ नाही.

कसोटी काय असावी

आकृत्या यदृच्छेतूनही निर्माण होतात हे अर्थशास्त्राला नवे नाही. हॅरी रॉबर्ट्स यांनी १९५९ मध्ये यादृच्छिक आकड्यांची बेरीज करत एक कृत्रिम आलेख तयार केला होता. तो खऱ्या शेअर निर्देशांकासारखा दिसत होता आणि आलेखवाचकांच्या परिचयाची वळणेही त्यात होती. फिबोनाची गुणोत्तरांची थेट परीक्षा रॉय बॅचलर आणि रिचर्ड रॅम्यार यांनी २००६ मध्ये केली. अमेरिकेच्या डाऊ निर्देशांकाचे १९१४ ते २००२ पर्यंतचे चढउतार घेऊन, लागोपाठच्या चालींची गुणोत्तरे या विशिष्ट संख्यांभोवती जास्त गर्दी करतात काय, हे त्यांनी तपासले. योगायोगाने जेवढी अपेक्षित तेवढ्याहून लक्षणीय गर्दी त्यांना आढळली नाही.

पुष्कळ लोक त्याच रेघांकडे पाहतात, म्हणून त्या आपोआप खऱ्या होतात, असा एक बचाव केला जातो. तो सर्वस्वी टाकाऊ नाही, परंतु त्याने फारसे साधत नाही. १२१.४० ला भाव वळणार हे सर्वांना ठाऊक असेल तर चतुर मनुष्य १२२ लाच खरेदी करील, त्याच्याहून चतुर १२३ ला, आणि ती रेघ कोणाच्याच उपयोगाची राहणार नाही.

तेव्हा ज्याला या विद्येची पारख करावयाची आहे, त्याने आलेख उघडण्यापूर्वी कागदावर काही गोष्टी लिहून ठेवाव्यात. वळणबिंदू किती टक्क्यांच्या हालचालीने मानावयाचा, सूट किती शतांश, मोजपट्टी कोणती, खरेदी नेमकी कोठे, तोटा कोठे सोसावयाचा, नफा कोठे घ्यावयाचा. मग नियमात बसणारा प्रत्येक प्रसंग, यशाचा असो वा अपयशाचा, क्रमाने मोजावा. एवढे झाल्यावर तेच सर्व नियम कायम ठेवून गुणोत्तरे तेवढी बदलावीत. ०.६१८ च्या जागी ०.५५ घ्यावे, ०.७८६ च्या जागी ०.७४ घ्यावे आणि पुन्हा मोजावे. या बिनकुळीच्या संख्याही तेवढेच यश देऊ लागल्या, तर आधीचे यश फिबोनाचीचे नव्हते हे उघड होईल. ही तपासणी करण्यास उच्च गणिताची आवश्यकता नाही. जुन्या भावांची यादी, एक वही आणि थोडा धीर एवढ्यावर ती होते.

हेमचंद्राने मोजली ती वृत्ते कवीने नियम पाळून रचलेली असतात. बाजारातील खरेदीदार व विक्रेते असा कोणताही छंद पाळण्यास बांधलेले नाहीत. त्यांच्या व्यवहारांतून उमटलेल्या रेघेत गुणोत्तर सापडले, तर ते बाजाराने पाळले की आलेख काढणाराने निवडले, हा प्रश्न पैसे गुंतवण्याच्या आधी विचारला गेला पाहिजे.